पहिल्या बाकाची विनंती : एका पालकाच्या पत्रावरून

पालकांकडून वर्गशिक्षकास येणारी पत्रे बहुतेक रजेची असतात. लग्न, जत्रा, वेचणी, ताप अशा कारणांची ती चिठ्ठी वाचावी, हजेरीपटावर खूण करावी आणि फाइलीत लावावी, एवढ्यावर तिचे काम संपते. परंतु अधूनमधून एखादे पत्र असे येते की, ते वाचून फाइलीत लावल्याने त्याचे काम संपत नाही, तर तेथून सुरू होते. आपले मूल पुढे बसवावे व त्याच्याशी स्पष्ट बोलावे, अशी विनंती करणारे पत्र या प्रकारचे होय. नायगाव तालुक्यातील एका शाळेत आलेले असे एक पत्र या लेखाचा विषय आहे. नावे, गाव व ओळख पटेल असा तपशील गाळून ते पुढे देत आहे.

“मा. वर्गशिक्षक, इयत्ता तिसरी, यांस स. न. वि. वि.

गुरुजी, माझी मुलगी आपल्या वर्गात आहे. तिचा डावा कान लहानपणापासून वाहतो. पावसाळ्यात जास्त वाहतो. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखविले. कानाच्या पडद्याला भोक आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येते, उजवा बरा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. औषध चालू आहे. लेकरू मागे बसते, त्यामुळे तुमचे बोलणे तिला नीट कळत नाही. विचारायला भिते. घरी आम्ही तिच्यासमोर बसून सावकाश बोललो की तिला सगळे कळते. तरी तिला पहिल्या बाकावर बसवावे आणि जरा स्पष्ट बोलावे, ही विनंती. ऐकले नाही म्हणून तिच्यावर रागावू नये.

आपली, मुलीची आई.”

पत्र साधे आहे. एखाद्या कसलेल्या वैद्यानेही रुग्णाची हकीकत याहून नेमकी लिहिली नसती. कोणता कान अधू आहे, कोणता चांगला आहे, दोष केव्हा वाढतो, घरी कोणत्या उपायाने भागते आणि मूल शाळेत काय लपविते, ही पाचही उत्तरे त्यात आहेत. तथापि वर्गशिक्षकाची नजर शेवटच्या विनंतीवर गेली, आणि त्यांनी त्याच दिवशी मुलीला पहिल्या बाकावर बसविले. त्यांचा हेतू चांगला होता. पत्राची अक्षरशः अंमलबजावणी झाली. पंधरा दिवसांनी पाहावे तो मुलीच्या वहीत पूर्वीइतक्याच चुका, आणि शिवाय ती आता मान वाकडी करून बसू लागलेली. असे का झाले, ते कळण्यासाठी वर्गाची मांडणी नीट पाहावी लागेल.

खोली आपल्याकडील शाळांत असते तशीच आहे. लांबी सुमारे वीस फूट आणि वर पत्रे. फळा उत्तरेच्या भिंतीवर, म्हणजे मुले उत्तरेकडे तोंड करून बसतात. पश्चिमेला दोन खिडक्या आहेत. पूर्वेला दार असून ते व्हरांड्यात उघडते, आणि व्हरांड्याच्या टोकाला पोषण आहार शिजविण्याची खोली आहे. गुरुजींचे टेबल दाराजवळ, वारा येतो तेथे. त्याच टेबलासमोर, दाराला लागून असलेल्या पहिल्या बाकावर मुलगी बसविली गेली. उत्तरेकडे तोंड केले की उजवा हात पूर्वेला येतो. म्हणजे तिचा चांगला कान दाराकडे झाला, आणि त्या कानात पातेल्यांचा व डावांचा खणखणाट, व्हरांड्यातील पळापळ व रस्त्यावरील वाहनांचे आवाज थेट शिरू लागले. अधू कान मात्र वर्गाकडे झाला. वर्गातील तीस मुले जे वाचत होती, जी उत्तरे देत होती, ती सर्व त्या अधू कानाच्या बाजूने येत होती. त्यातही गुरुजी दारासमोर उभे राहून शिकवीत, तेव्हा बाहेरचा लख्ख उजेड त्यांच्या पाठीमागे असे व चेहरा काळोखात जाई. घरी आई समोर बसून बोले, तेव्हा मुलीला जे दिसत होते, ते वर्गात अगदी पुढे बसूनही दिसेना.

येथे श्रवणाविषयी दोन-तीन गोष्टी समजून घेतल्या, तर पुढील सर्व उपाय आपोआप सुचतील.

पहिली गोष्ट अंतराची. साधारण संभाषणाचा आवाज बोलणाऱ्यापासून तीन फुटांवर सुमारे ६० डेसिबेल असतो. डेसिबेल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. म्हणजे सहा फुटांवर तो ५४ होईल आणि बारा फुटांवर ४८. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळत असल्यामुळे मागच्या बाजूला तो हिशेबाइतका उतरत नाही, हे खरे. परंतु भिंतींवरून व पत्र्यांवरून फिरून आलेला आवाज थोडा उशिरा येतो, आणि एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. म्हणून मागच्या बाकावर आवाज पोहोचतो, पण शब्द पुसट होऊन पोहोचतात. सुदृढ कानाचे मूल त्यातून शब्द निवडून काढते, अधू कानाच्या मुलाला ते साधत नाही. त्याच वेळी दुसरा वर्ग पाढे म्हणत असेल, तर शिक्षकाचा आवाज त्या गलबल्याच्या वर राहत नाही. श्रवणदोष असलेल्या मुलासाठी बोलणाऱ्याचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबेल वर असावा, असे या विषयातील तज्ज्ञ मानतात. घसा ताणून ही वाढ रोज पाच तास टिकविणे कोणत्याही शिक्षकास शक्य नाही. बारा फुटांवरून तीन फुटांवर आल्याने तीतील मोठा भाग घसा न ताणता मिळतो. पालक पुढची जागा मागतात, त्यामागील विज्ञान एवढेच आहे.

दुसरी गोष्ट दोन कानांची. एक कान चांगला असला म्हणजे निम्मे ऐकू येते, असा समज आहे. तो बरोबर नाही. शांत खोलीत समोरासमोर बोलल्यास एका चांगल्या कानावर सर्व काही भागते, आणि म्हणूनच घरात व दवाखान्यात असे मूल चटकन ओळखू येत नाही. अडचण होते ती दोन प्रसंगी. आवाज कोणत्या दिशेने आला, हे दोन्ही कानांतील फरकावरून मेंदू ठरवितो. एक कान अधू असता हाक आली की मूल भलतीकडे पाहते, आणि वर्गात हशा होतो. दुसरा प्रसंग गोंगाटाचा. अनेक आवाजांतून हवा तो आवाज वेगळा काढण्यास दोन कान लागतात. शिवाय अधू कानाच्या बाजूने आलेला आवाज चांगल्या कानापर्यंत पोहोचताना मध्ये डोके आडवे येते. जाड, घुमणारे स्वर डोक्याला वळसा घालून जातात. स, श, त यांसारखे बारीक ध्वनी मात्र डोक्याच्या सावलीत अडकतात.

आणि हेच बारीक ध्वनी शब्दांचा अर्थ ठरवितात. आपण बोलतो तेव्हा आ, ओ, ए हे स्वर जोरकस असतात व व्यंजने क्षीण असतात. ज्या मुलास कमी ऐकू येते, त्यास शब्दाचा सांगाडा ऐकू येतो, कडा ऐकू येत नाहीत. ‘साठ’ मधील स गेला की ‘आठ’ उरतो. ‘सात’ आणि ‘हात’, ‘काठ’ आणि ‘पाठ’, ‘सत्तावन्न’ आणि ‘अठ्ठावन्न’ यांतील भेद एकेका क्षीण ध्वनीवर टांगलेला आहे. गणिताच्या तासाला तोंडी उदाहरण घालताना ‘साठ’ म्हटले असता मुलीने पाटीवर ८ लिहिले, तर ते गणितातील अज्ञान नव्हे. तिने ऐकलेल्या संख्येचे लेखन तिने बरोबरच केले आहे. वही तपासताना या प्रकारच्या चुकांवर बोट ठेवता आले, तर अर्धे निदान वहीतच सापडते. न शिकलेले मूल कसेही चुकते. कमी ऐकणारे मूल मात्र सारख्या आवाजाच्या शब्दांत चुकते.

आपल्या मराठीची आणखी एक खोड येथे सांगितली पाहिजे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर येतो. ‘उद्या पेनने लिहू नका’ या वाक्यातील आज्ञा समजायची ती शेवटच्या शब्दाने. आणि बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज उतरतो. अनेकदा तर शेवटचा शब्द उच्चारताना आपण फळ्याकडे वळलेले असतो. मुलीच्या कानी पडते, ‘उद्या पेनने लिहू…’. ती दुसऱ्या दिवशी पेन घेऊन येते व लिहू लागते. अशा मुलावर ‘सांगितले त्याच्या उलट करतो’ असा शेरा बसतो. उलट करणारे मूल आणि वाक्याची शेपटी न ऐकलेले मूल यांतील फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याला प्रत्येक मूल मान डोलावून होकार देते, आणि कमी ऐकणारे मूल तर सर्वांच्या आधी डोलावते. ‘मी काय सांगितले ते सांग पाहू’ असे म्हणावे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. ऐकू कमी येते तेव्हा मूल नकळत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहू लागते. ओठांवरून सर्व काही कळत नाही. प, ब, म या तीन अक्षरांना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे ‘पान’ आणि ‘मान’ केवळ पाहून वेगळे करता येणार नाहीत. क आणि ग तर घशाजवळ उच्चारले जातात, ते ओठांवर दिसतच नाहीत. परंतु कानाने जे निसटते, त्यातील बराचसा भाग डोळा भरून काढतो. ‘काठ’ व ‘पाठ’ कानाला सारखे वाटले, तरी ‘पाठ’ म्हणताना ओठ मिटलेले डोळ्याला दिसतात. अर्धे कानाने व अर्धे डोळ्याने असे मिळून मूल वाक्य उभे करते. यासाठी शिक्षकाचा चेहरा उजेडात असला पाहिजे, तोंडासमोर पुस्तक नसले पाहिजे, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळले पाहिजे. आधी लिहावे, मग वळावे, मग बोलावे. हा क्रम अंगवळणी पडण्यास आठवडाभर लागतो, आणि अन्य मुलांचेही त्यात कल्याणच होते.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे वळू. मुलीचा उजवा कान चांगला. तो वर्गाकडे व शिक्षकाकडे राहावा असे वाटत असेल, तर तिने खोलीच्या डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूस, खिडकीजवळ बसले पाहिजे. मग अधू कान भिंतीकडे जातो, जेथून ऐकण्यासारखे काही येत नाही, आणि दार, व्हरांडा व पोषण आहाराची खोली खोलीच्या दुसऱ्या टोकाला राहतात. ओळ पहिली नव्हे, दुसरी निवडावी. पहिल्या बाकावरील मुलास उभ्या शिक्षकाकडे मान उंचावून पाहावे लागते, बोलणे त्याच्या डोक्यावरून मागे जाते, आणि मागे कोण उत्तर देत आहे, ते त्यास दिसत नाही. दुसऱ्या ओळीतून शिक्षक सहा फुटांच्या आत राहतो, चेहरा समोर दिसतो, आणि थोडे वळले की वर्गातील बोलणाराही दिसतो. यानंतर शिक्षकांनी आपले उभे राहण्याचे ठिकाण दारापासून हलवून फळ्याच्या पश्चिमेच्या टोकाकडे आणले. आता खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर बाजूने पडू लागला. टेबलही तिकडे सरकविले गेले. वाऱ्याला मुकावे लागले, याची त्यांनी माझ्याजवळ हसत तक्रार केली. या सर्वास खर्च काही आला नाही.

वाचकांनी येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘डावी बाजू, दुसरी ओळ’ हा काही सर्व शाळांस लागू पडणारा नियम नव्हे. मुलाचा डावा कान चांगला असेल, तर सर्व उलट होईल. दार पश्चिमेला असेल, तर पुन्हा विचार करावा लागेल. दोन्ही कान सारखेच अधू असतील, तर बाजूचा प्रश्न उरत नाही आणि जागा मधोमध घ्यावी. सतरंजीवर बसणाऱ्या वर्गात मुलाची नजर आणखी खाली असते, तेव्हा शिक्षकाने बोलताना खुर्चीत बसणे बरे. वर्ग गोलाकार बसवून गटकार्य चालू असेल, तर त्या वेळेपुरती जागा बदलावी लागेल. म्हणून पालकाचे पत्र आल्यावर पहिला प्रश्न ‘कोणता बाक?’ हा नसून ‘कोणता कान?’ हा आहे. पत्रात ते लिहिलेले नसेल, तर पालकास विचारावे. पालकासही ठाऊक नसेल, तर शिक्षकाने स्वतः अदमास घ्यावा.

तो असा घेता येतो. शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर, खोली शांत असता, मुलास खुर्चीवर बसवून शिक्षकाने त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. कानाच्या छिद्रासमोर जो लहान मऊ उंचवटा असतो, तो मुलाने एका कानाचा बोटाने दाबून हलवीत ठेवावा, म्हणजे तो कान तात्पुरता बंद होतो. मग शिक्षकाने श्वास पूर्ण सोडून हलक्या कुजबुजीत ‘सात, पान, चार’ असे तीन शब्द म्हणावेत व मुलाने ते परत म्हणावेत. पुन्हा दुसरे तीन शब्द घ्यावेत. सहांपैकी तीनही शब्द मूल सांगू शकले नाही, तर त्या कानाची तपासणी करविणे अगत्याचे आहे. हाच प्रयोग दुसऱ्या कानासाठी करावा. खेळ म्हणून चार-पाच मुलांवर केला, म्हणजे एकाच मुलावर सर्वांची नजर जात नाही. हे निदान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कान तपासणे हे डॉक्टरांचे काम आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्याच्या यादीत श्रवणदोषाचा समावेश आहे. त्या दिवशी अशा मुलाचे नाव शिक्षकाने पथकास आवर्जून सांगावे, कारण शंभर मुलांच्या घाईत एका कानाचा दोष नजरेआड होणे सहज शक्य असते. पुढील तपासणीसाठी नांदेड येथे विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

पत्रातील ‘पावसाळ्यात जास्त वाहतो’ या वाक्याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. सर्दी झाली की नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी सुजते, पडद्याच्या आतील बाजूस द्रव साचतो, आणि ज्या कानाने काल ऐकू येत होते, त्याने आज कमी येते. आपल्या या मुलीचा चांगला उजवा कानही सर्दीच्या दिवसांत मंद होतो, म्हणजे त्या दिवसांत तिला चांगला कान उरतच नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा मोकळा होतो. शिक्षकास मात्र एवढेच दिसते की, मूल सोमवारी उत्तर देते व गुरुवारी देत नाही. ‘मनात आले तर ऐकते’ असे अनुमान निघते. श्रवण असे कमी-जास्त होणे हेच कान वाहणाऱ्या मुलाचे लक्षण आहे. कान वाहत असलेल्या दिवशी मुलास अधिक जवळ घ्यावे, व पालकास दवाखान्याची आठवण द्यावी. पडद्याला भोक असता कानात पाणी जाऊ देऊ नये. विहिरीत व नदीत पोहणाऱ्या आपल्या भागातील मुलांना हे सांगितलेच पाहिजे. कोमट तेल घालणे, काडी किंवा केसांचा आकडा घालून कान कोरणे, हे प्रकार थांबवावेत. जागा बदलली म्हणजे उपचार झाला, असे पालकांनी समजू नये, हेही त्यांना सौम्य शब्दांत सांगावे.

राहिला प्रश्न ‘स्पष्ट बोलावे’ या मागणीचा. ही मागणी वाचून काही शिक्षकांना किंचित राग येतो, जणू आपण अस्पष्ट बोलतो असा आरोप आहे. काहींची समजूत अशी की, स्पष्ट म्हणजे मोठ्याने. मोठ्याने बोलल्याने स्वर वाढतात, परंतु क्षीण व्यंजने त्या प्रमाणात वाढत नाहीत. ओठांची ठेवण बिघडते, आणि चेहऱ्यावर रागाची छटा येते ती वेगळीच. आपण रागावलो आहोत असे मुलास वाटले की ते ऐकणे सोडून घाबरणे सुरू करते. पत्रातील आईने ‘सावकाश’ हा शब्द घातला आहे, तो मार्गदर्शक समजावा. नेहमीच्या आवाजात, वेग थोडा कमी करून, वाक्याचे दोन-तीन तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यानंतर क्षणभर थांबून बोलावे. एकेक अक्षर तोडून बोलू नये. ‘उ-द्या-व-ही-आ-णा’ असे तोडले असता कोणालाच अर्थ लागत नाही. वाक्याचा शेवट सुरुवातीइतकाच ठसठशीत ठेवावा. विषय बदलताना आधी तसे सांगावे : ‘आता भाषा. पान चोवीस.’ विषय कळला की मूल पुढचे अर्धे शब्द स्वतःच जुळवून घेते. एखादे वाक्य समजले नाही तर ते एकदा तसेच म्हणावे. दुसऱ्यांदाही समजले नाही, तर शब्द बदलावेत, कारण जो ध्वनी दोनदा निसटला, तो तिसऱ्यांदाही निसटण्याचा संभव अधिक. ‘साठ’ कळत नसेल तर ‘सहा दाही’ म्हणावे, नाहीतर फळ्यावर आकडा लिहावा.

श्रुतलेखनाच्या वेळी आपणा सर्वांस ओळींमधून फिरत शब्द सांगण्याची सवय असते. या मुलीच्या दृष्टीने तो तास परीक्षेचा नसून लपंडावाचा होतो. शिक्षक मागे गेला की ओठ गेले, आणि डाव्या बाजूला गेला की आवाजही गेला. श्रुतलेखन एका जागी उभे राहून, मुले खाली पाहून लिहीत असता न बोलता, त्यांनी वर पाहिल्यावर पुढचा शब्द द्यावा. तसेच मागच्या बाकावरील मुलाने उत्तर दिले, तर ‘ती काय म्हणाली, की नदी दक्षिणेकडे वळते’ असे शिक्षकाने ते उत्तर पुन्हा उच्चारावे. याने वेळ दोन सेकंद जातो. दोन इयत्ता एका खोलीत असतील, तर एका इयत्तेचे तोंडी काम चालू असता दुसरीस लेखी काम द्यावे. एकीचे पाढे व दुसरीची कविता एकाच वेळी चालू असेल, तर कोणताही बाक या मुलीच्या उपयोगी पडणार नाही.

काही शाळांत असे पत्र आल्यावर पालकास प्रमाणपत्र आणावयास सांगितले जाते. या विषयाची माहिती शिक्षकांस असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनींसाठी ६० ते ७० डेसिबेल इतकी श्रवणहानी असेल, तर ती व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’ ठरते, व ७० डेसिबेल असेल तर ‘कर्णबधिर’ ठरते. आपल्या या मुलीचा एकच कान अधू आहे. तिला या व्याख्येप्रमाणे प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि कान वाहणाऱ्या बहुसंख्य मुलांनाही ते मिळणार नाही, कारण त्यांची हानी यापेक्षा कमी असते. तरीही वर्गात त्यांना शब्द निसटतात, हे आपण वर पाहिले. प्रमाणपत्र लागते ते सवलती व साधने यांसाठी. बाक बदलणे व तोंड मुलांकडे ठेवून बोलणे हे वर्गशिक्षकाच्या नित्याच्या अधिकारातील काम आहे, त्यास कोणाच्याही शिक्क्याची गरज नाही. ज्या मुलास श्रवणयंत्र मिळाले आहे, त्यासही पुढची जागा लागतेच. यंत्र जवळचे व दूरचे, हवे व नको ते सर्वच आवाज वाढविते, आणि शिक्षक चार-सहा फुटांत असेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग होतो.

बदलाचा परिणाम झाला की नाही, हे पाहण्यासाठी मोठी परीक्षा नको. दहा शब्दांची यादी करावी : साठ, आठ, सात, हात, पान, मान, काठ, पाठ, ताट, भात. यांचे श्रुतलेखन जुन्या जागी एकदा व पंधरा दिवसांनी नव्या जागी एकदा, शब्दांचा क्रम बदलून, घ्यावे. चुका कमी झाल्या तर जागा योग्य आहे. न झाल्यास शिक्षकाचे उभे राहण्याचे ठिकाण, उजेड व दाराकडील आवाज ही तीन कारणे क्रमाने तपासावीत. तीनही ठीक असून चुका तशाच राहिल्या, किंवा चांगल्या समजलेल्या कानाच्या बाजूनेही हाक ऐकू येईनाशी झाली, तर श्रवण खालावले आहे असे समजून पालकास पुन्हा दवाखान्यात पाठवावे. आपल्या मुलीच्या बाबतीत नव्या जागेवर संख्यांच्या चुका जवळजवळ थांबल्या. ‘पान’ व ‘मान’ यांची गल्लत मात्र राहिली, आणि ती राहणारच, कारण ओठांवर दोन्ही सारखे. मान वाकडी करणे आठवडाभरात गेले.

जागा बदलताना तिचे कारण वर्गात जाहीर करू नये. सबंध वर्गाची बैठक एकाच दिवशी बदलली, तर एका मुलीला हलविले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि ‘बहिरी’ ही हाक जन्मास येत नाही. आईला उत्तर मात्र जरूर द्यावे, कारण पत्राला उत्तर आले नाही, तर पुढचे पत्र येत नाही. त्या शिक्षकांनी पाठविलेल्या उत्तरात तीनच वाक्ये होती : मुलीला खिडकीजवळच्या दुसऱ्या ओळीत बसविले आहे व उजवा कान वर्गाकडे राहील अशी व्यवस्था केली आहे, कान वाहू लागला किंवा सर्दी झाली, तर त्या दिवशी चिठ्ठी पाठवावी, दर महिन्याच्या अखेरीस वही पाहण्यास शाळेत यावे.

आपल्या बदल्या होतात, आणि नवे शिक्षक आले की मूल पुन्हा मागच्या बाकावर जाऊन पोहोचते. आईने दर वर्षी नवे पत्र लिहावे, अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे. यास्तव त्या शिक्षकांनी हजेरीपटाच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने एक ओळ लिहून ठेवली. नाव गाळून ती अशी : ‘अनुक्रमांक १४. डावा कान अधू. डावीकडे दुसरी ओळ. दाराजवळ बसवू नये. सर्दीत दोन्ही कान मंद. मूळ पत्र फाइलीत आहे.’